१५ पैकी ६ का मिळाले: शाकाहारी रनरची केस

"ताई, स्पोर्ट्स न्यूट्रिशनच्या पेपरात १५ मार्कांची केस होती. २२ वर्षांची मुलगी, १०,००० मीटर पळते, ५६ किलो, १६५ सेंमी, स्किनफोल्डने बॉडी फॅट २० टक्के. आठवड्याला ८० किमी रनिंग, दोनदा पाऊण तास जिम, बाकी वेळ बसून अभ्यास. शाकाहारी, दूध-दही खाते, अंडी नाही. डाएट रिकॉलमध्ये १,९५० कॅलरी आणि ६८ ग्रॅम प्रोटीन. वजन तीन महिने स्थिर, पाळी ४५-५० दिवसांनी येते. रेसआधी तिला २ किलो कमी करायचेत. कॅलरी आणि प्रोटीनचं टार्गेट ठरवा, कारणं द्या. मी मिफ्लिनच्या फॉर्म्युल्याने नुसत्या आरामात लागणाऱ्या कॅलरी काढल्या, हालचालीच्या १.९ या फॅक्टरने गुणलं, वजन कमी व्हावं म्हणून ५०० वजा केले, २,००८ आले. शाकाहारी म्हणून प्रोटीन किलोला २.२ ग्रॅमच्या हिशोबाने १२३ ग्रॅम दिलं. आकडेमोड तीनदा तपासली, बरोबर आहे. मग १५ पैकी ६च का?"

अगं, आकडेमोड बरोबरच आहे, मीही करून बघितली. १,३२० गुणिले १.९ म्हणजे २,५०८, वजा ५०० म्हणजे २,००८. पण आता तो २,००८ चा आकडा आणि रिकॉलमधला १,९५० शेजारी शेजारी लिही आणि बघ. जी मुलगी आधीच एवढं कमी खातेय की तिची पाळी दीड-दीड महिन्याने येतेय, तिला तू फक्त ५८ कॅलरी वाढवून दिल्यास, म्हणजे जेमतेम अर्धा कप दूध. तपासणाऱ्याला तिथेच कळलं की पाळीचं वाक्य तू वाचलंस पण वापरलं नाहीस. केसमध्ये असं एखादं वाक्य उगाच टाकलेलं नसतं, सगळी केस त्याच्याभोवती रचलेली असते. तुला मिळालेले ६ बहुतेक फॉर्म्युला आणि आकडेमोडीचे आहेत, बाकीचे ९ या एका वाक्यात अडकले होते.

इथे मोजायला हवी होती एनर्जी अव्हेलेबिलिटी. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरीतून व्यायामात गेलेल्या कॅलरी वजा करायच्या आणि जे उरतं त्याला फॅट-फ्री मासने, म्हणजे चरबी सोडून उरलेल्या वजनाने, भागायचं. म्हणजे पळून झाल्यावर बाकीच्या शरीराला, हाडं, हार्मोन, रक्त, इम्युनिटी या सगळ्यांना मिळून काय शिल्लक राहतं ते कळतं. तुझ्या केसमध्ये फॅट-फ्री मास ५६ चे ८० टक्के, म्हणजे ४४.८ किलो. रनिंगचा खर्च काढायला परीक्षेत सोपा ठोकताळा आहे, दर किलोला दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी, म्हणून ८० किमी गुणिले ५६ म्हणजे आठवड्याला ४,४८० आणि दिवसाला ६४०. जिमसाठी साधारण ५ मेट धर, त्यातला १ मेट ती नुसती बसली असती तरी गेलाच असता म्हणून तो काढून टाक, उरले ४. ते गुणिले ५६ किलो गुणिले पाऊण तास म्हणजे एका सेशनचे १६८, दोन सेशनचे ३३६, दिवसावर पसरले तर ५० च्या आसपास. एकूण रोजचा व्यायामाचा खर्च झाला ६९०. (पेपरात कॅलरी नको, किलोकॅलरी लिही. आपण बोलताना कॅलरी म्हणतो ते चालतं, उत्तरपत्रिकेत नाही.)

आता १,९५० वजा ६९० म्हणजे १,२६०, भागिले ४४.८, आलं २८. तुझ्या २,००८ वर हेच केलं तर येतं २९.४. आणि अभ्यासक्रमात जी रेघ शिकवतात ती आहे ३० ची. २००३ मध्ये लाउक्स आणि थुमा यांनी नियमित पाळी असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या तरुण मुलींवर ५ दिवसांचा प्रयोग केला, त्यात ३० च्या खाली गेल्यावर पाळी चालवणाऱ्या एलएच हार्मोनचे पल्स बिघडायला लागले. वरच्या टोकाला ४५ हा आकडा धरतात, जिथे शरीराचं सगळं व्यवस्थित चालतं. ३० ही काही भिंत नाही बरं का, कुणाचं ३२ ला बिघडतं तर कुणाचं २८ लाही चालून जातं, त्यामुळे उत्तरात "३० च्या खाली म्हणून आजारी" असं ठोकून लिहू नकोस. "अंदाजे २८ आहे आणि सोबत पाळी लांबलेली आहे, त्यामुळे लो एनर्जी अव्हेलेबिलिटीचा दाट संशय" असं लिही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच वाक्याला वजन येतं.

मग टार्गेट उलट्या दिशेने काढायचं. ४५ गुणिले ४४.८ म्हणजे २,०१६, त्यात ६९० मिळव, झाले २,७०६. हा झाला एक रस्ता. दुसऱ्या रस्त्याने पडताळून बघ. खेळाडूसाठी मिफ्लिनऐवजी कनिंगहॅम घे, कारण मिफ्लिन सर्वसाधारण माणसांवरून बनवलेला आहे आणि त्यात वजन, उंची, वय, लिंग एवढंच येतं, स्नायू किती ते येतच नाही. कनिंगहॅमचा १९८० चा फॉर्म्युला म्हणजे ५०० अधिक २२ गुणिले लीन मास, म्हणजे तेच ४४.८, इथे येतात साधारण १,४९०. ही मुलगी ट्रेनिंग सोडून दिवसभर बसलेली असते म्हणून १.४ ने गुण, झाले २,०८० च्या आसपास, आणि मग ट्रेनिंगचे ६९० वेगळे मिळव, आले साधारण २,७७०. दोन वेगवेगळ्या वाटांनी गेलो आणि सत्तर कॅलरीच्या अंतरात पोचलो. हे दोन ओळींत दाखवलं ना की परीक्षकाला उत्तरावर विश्वास बसतो.

आणि ते १.९. त्याच्यामुळे मी स्वतः एकदा तोंडावर पडलेय म्हणून सांगते. १.९ मध्ये व्यायाम आधीच धरलेला असतो. मी विद्यार्थी असताना एका स्विमरच्या केसमध्ये १.९ ने गुणलं आणि वर पोहण्याच्या कॅलरी पुन्हा मिळवल्या, त्या बिचारीला जवळपास ४,००० चं टार्गेट दिलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने खाली डबल अंडरलाइनही केली. एकतर मोठा फॅक्टर घे आणि व्यायाम वेगळा मिळवू नकोस, नाहीतर १.४ सारखा छोटा फॅक्टर घेऊन व्यायाम वेगळा मिळव. ज्या केसमध्ये किलोमीटर आणि मिनिटं दिलेली असतात तिथे दुसरी पद्धतच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण १.९ मध्ये ५० किमी पळणारी आणि ११० किमी पळणारी दोघी सारख्याच मोजल्या जातात.

उत्तरात २,७०६ असं लिहू नकोस पण. स्किनफोल्डची चूक सहज ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकते. तिचं बॉडी फॅट खरं १७ असेल तर टार्गेट येतं २,७८० आणि २३ असेल तर २,६३०. म्हणजे शहाणं उत्तर हे की २,६०० ते २,८०० ची रेंज, मधला आकडा २,७००. बघ, मोजमाप बरंच चुकलं तरी टार्गेट फार हलत नाही, तुझ्या २,००८ पासून मात्र ते कुठल्याही बाजूने सहाशेच्या वरच लांब राहतं.

एक गोष्ट अजून आहे जी फार थोडी मुलं लिहितात आणि जी लिहितात त्यांना वरचे दोन मार्क मिळतात. तिचा खर्च २,७०० आहे आणि खाणं १,९५० आहे, तर रोज ७५० ची तूट झाली, मग तीन महिन्यांत वजन धडाधड उतरायला हवं होतं. ते तर स्थिर आहे! म्हणजे काय, केस चुकीची छापलीय? नाही. दोन शक्यता आहेत. एक, रिकॉलमध्ये तिने कमी सांगितलं, जे जवळजवळ सगळेच करतात, जेवणावरचं तेल आणि दोन जेवणांमधलं अरबटचरबट कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन, शरीराने खर्चच आवरता घेतलाय, रेस्टिंग मेटाबॉलिक रेट खाली आलाय, पाळी पुढे ढकलणं हाही त्या काटकसरीचाच भाग. खरं तर दोन्ही थोडं थोडं असतं. मोजायची सोय असेल तर मोजलेला आरएमआर भागिले फॉर्म्युल्याचा आरएमआर काढतात, ०.९ च्या खाली आला की दुसऱ्या शक्यतेला बळ मिळतं. म्हणून "वजन स्थिर म्हणजे कॅलरी पुरतायत" हे वाक्य या केसमध्ये कधीच लिहायचं नाही, तोच सापळा आहे. आणि म्हणूनच १,९५० वर डोळे झाकून विश्वास न ठेवता सात दिवसांचा फूड रेकॉर्ड मागायचा, ट्रेनिंगचे आणि सुट्टीचे दिवस दोन्ही धरून.

१,९५० वरून एकदम २,७०० वर उडी मारायला सांगितलंस तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी पोट फुगलं म्हणून सोडून देईल. पहिल्या टप्प्यात ३०० वाढव, म्हणजे २,२५०, आठ-दहा दिवसांनी अजून २०० ते २५०, मग शेवटचा टप्पा. साधारण तीन-चार आठवड्यांत २,७०० ला पोचायचं. मधे वजन किलोभर वाढलं तर ते बरंचसं ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं, हे तिला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर काट्यावर आकडा बघून ती परत खाली येते.

आता प्रोटीन. "शाकाहारी म्हणून २.२" हे तू कुठून आणलंस मला माहितीय, जिमच्या गप्पांमधून. २.२ च्या मुळाशी एक खरा आकडा आहे, २०१८ च्या मॉर्टन आणि सहकाऱ्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये वेट ट्रेनिंग करणाऱ्यांचा फायदा १.६ च्या आसपास थांबला आणि त्या अंदाजाचं वरचं टोक २.२ होतं. पण तो स्नायू वाढवण्याचा प्रश्न होता, दहा हजार मीटर पळणाऱ्या मुलीचा नाही. खेळाडूंसाठी एसीएसएम या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन संस्थेच्या २०१६ च्या पोझिशनमध्ये रेंज आहे १.२ ते २.०. त्यातून मी इथे १.६ घेते, ५६ किलोला ९० ग्रॅम. सध्याचं ६८ ग्रॅम म्हणजे १.२, अगदी खालच्या काठावर, आणि कॅलरी कमी पडत असताना तर त्यातलं काही प्रोटीन इंधन म्हणूनच जळून जातं.

शाकाहारी आहे म्हणून वाढवायचं की नाही, याचं उत्तर घोषणा देऊन नाही, हिशोबाने दे. समज तिच्या आहारातल्या प्रोटीनची सरासरी क्वालिटी ०.८५ धरली, दूध-दही असल्यामुळे एवढी धरायला हरकत नाही. ९० गुणिले ०.८५ म्हणजे ७६ ग्रॅम, म्हणजे किलोला १.३५ च्या वर. कापून टाकल्यावरही ती १.२ च्या वरच राहते, मग अजून वाढवायचं कारण काय? हीच मुलगी पूर्ण व्हीगन असती आणि प्रोटीनचा बराचसा भाग धान्यातून येत असता तर मी १.८ पर्यंत गेले असते आणि सोबत लायसिन या अमिनो आम्लाचा उल्लेख केला असता, कारण धान्यात तेच कमी पडतं आणि कडधान्यं, सोया ती कमी भरून काढतात.

आणि २.२ नुसतं अनावश्यक नाही, तुझ्या २,००८ मध्ये ते बसतच नाही. १२३ ग्रॅम प्रोटीनच्या झाल्या ४९२ कॅलरी. एवढ्या रनिंगला कार्ब किलोला किमान ६ ग्रॅम धर, ३३६ ग्रॅम, १,३४४ कॅलरी. उरल्या १७२, म्हणजे दिवसाला १९ ग्रॅम फॅट, ९ टक्क्यांच्याही खाली! ज्या मुलीचे हार्मोन आधीच डळमळलेत तिला हा आहार. हा चेक तू केला असतास तर तुझं तुलाच उत्तर खोडावंसं वाटलं असतं. आता २,७०० मध्ये बघ, प्रोटीन ९० ग्रॅमच्या ३६०, कार्ब ७ ग्रॅमने ३९२ ग्रॅम म्हणजे १,५६८, उरलेल्या ७७२ कॅलरी फॅटला, ८६ ग्रॅम, साधारण २९ टक्के. कुठेच ताण नाही.

शाकाहारी असण्याचा खरा परिणाम प्रोटीन दिवसभरात कसं वाटलं जातं त्यावर होतो, तिथे लिहायला भरपूर आहे. अशा रिकॉलमध्ये नेहमीचं चित्र म्हणजे सकाळी ८ ग्रॅम, दुपारी १५, आणि मग रात्री एकदम ३५. एका खाण्यात ०.३ ग्रॅम दर किलोला म्हणजे इथे १७ ग्रॅम लागतं, वनस्पतीजन्य जास्त असेल तर मी २० धरते, आणि असं दर तीन-चार तासांनी, दिवसातून चारदा तरी. तिचा सकाळचा रन होतो आणि त्यानंतर ती ८ ग्रॅमवर दुपारपर्यंत बसते, हेच आधी दुरुस्त करायचं. ६० ग्रॅम ओट्सचे ८, पाव लिटर दुधाचे ८, दीडशे ग्रॅम दह्याचे ५-६, झाले २१-२२. पावडरचा डबा न उघडता. दुपारी शिजवलेली मसूर २०० ग्रॅम घेतली तर तिचेच १८ होतात, वर धान्याचे वेगळे. केसमध्ये एक जेवण असं ग्रॅमसकट मांडून दाखव, चारही मांडायची गरज नाही, वेळही नसतो.

शाकाहारामुळे अजून एक गोष्ट होते जी प्रोटीनपेक्षा जास्त त्रास देते, ती म्हणजे फायबर. कडधान्यं, भाज्या, कोंड्यासकट धान्य याने पोट लवकर भरतं आणि कॅलरी कमी जातात, भूक लागत नाही म्हणून मुलीला वाटतं आपण भरपूर खातोय. तुझ्या केसमधल्या १,९५० चं मोठं कारण हेच असणार असा माझा अंदाज. म्हणून तिला "अजून भाज्या खा" सांगायचं नाही, उलट रनच्या आधी-नंतर कमी फायबरचे कार्ब, जेवणावर तेल, नट बटर, फुल क्रीम दूध, प्यायच्या कॅलरी. ७५० कॅलरी ताटात अजून डोंगर रचून जात नाहीत. आणि ती शाकाहारी कधी झाली हे विचारायचं, घरातून लहानपणापासून असेल तर ठीक, पण वजनाचं खूळ लागलं त्याच सुमारास झाली असेल तर तो खाणं टाळायचा सभ्य मार्ग असू शकतो. हे एका वाक्यात लिहायचं, आरोप न करता.

२ किलोंचं काय, तर नाही. सरळ लिहायचं की पाळी नियमित होईपर्यंत वजन कमी करायचं लक्ष्य पुढे ढकलतोय, आणि खाली कारण म्हणून २८ चा आकडा. बॉडी फॅट २० टक्के असलेल्या रनरकडे उतरवायला फार काही उरलेलंही नसतं. पाळीचा प्रश्न आहे म्हणून डॉक्टरांकडे पाठवायचं, थायरॉइड आणि बाकीची कारणं त्यांनी बघायची, सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, कारण शाकाहारी, पाळी येणारी आणि लांब पळणारी या तिन्ही गोष्टी एकाच मुलीत आल्यात. पाळी परत रुळावर यायला काही महिने लागू शकतात, तेव्हा दोन आठवड्यांच्या फॉलोअपला वजन, झोप, ट्रेनिंगमधला थकवा हे बघायचं आणि पाळीची तारीख लिहून ठेवायला सांगायचं.

पुढच्या पेपरात अशीच केस आली आणि त्यात मुलगी गर्भनिरोधक गोळ्या घेते असं लिहिलेलं असलं, तर २८ दिवसांनी येणाऱ्या रक्तस्रावाला नॉर्मल पाळी समजू नकोस. तो गोळीचा असतो, त्यावरून तिला खाणं पुरतंय की नाही काहीच कळत नाही, तेव्हा सगळी भिस्त आकडेमोड आणि बाकीच्या लक्षणांवर.